डाव्या रिकर्शनवर अडकणारा पीडीए आणि ग्रायबाख नॉर्मल फॉर्म

तिसरा_बाक

टीओसीच्या असाइनमेंटसाठी पायथनमध्ये एक प्रोग्राम लिहितोय. ग्रामर वाचायचं, त्याचा पुशडाउन ऑटोमॅटन बनवायचा आणि दिलेला शब्द त्यात बसतो का ते सांगायचं. रचना वर्गात शिकवली तीच घेतली आहे. स्टॅकच्या माथ्यावर व्हेरिएबल असेल तर इनपुटला हात न लावता त्याच्या जागी नियमाची उजवी बाजू ठेवायची, आणि टर्मिनल असेल तर इनपुटशी जुळवून काढून टाकायचं. ग्रामर हे:

```
E -> E+T | T
T -> T*F | F
F -> (E) | i
```

`i+i*i` दिलं की `RecursionError` येतो. मध्ये प्रिंट टाकून पाहिलं तर स्टॅक `E`, मग `E+T`, मग `E+T+T` असा वाढतच जातोय आणि इनपुट पहिल्या `i` वरून हललेलंच नाही. मॅडम म्हणाल्या, ग्रामर आधी ग्रायबाख नॉर्मल फॉर्ममध्ये आण. ते कसं आणायचं याच्या पायऱ्या वहीत आहेत. पण प्रत्येक नियम टर्मिनलने सुरू झाला म्हणून ऑटोमॅटनमध्ये नेमकं काय बदलतं? भाषा तर तीच राहते. मग आधीचा पीडीए चुकीचा होता का?

---

मुक्ता_आर

ए गुणिले बी अशा दोन-दोन व्हेरिएबलच्या जोड्या करायच्या आणि त्रिकोणी तक्ता भरायचा, तेच ना हे? आम्हाला परीक्षेला हमखास असायचं. तक्त्याच्या टोकाच्या चौकोनात `S` आला की शब्द भाषेत आहे. त्यात रिकर्शनचा प्रश्नच येत नाही, तेच लिहून टाक.

---

वैशाली_ग

मुक्ता, तुम्ही म्हणताय तो चॉम्स्की फॉर्म आणि सीवायके. तिथे नियमाची उजवी बाजू म्हणजे दोन व्हेरिएबल किंवा एकच टर्मिनल. ती पद्धत उत्तम आहे, पण त्यात स्टॅक नाही. विचारलंय ते पीडीएबद्दल.

तिसरा_बाक, तुझा पीडीए चुकीचा नाही. पीडीए शब्द स्वीकारतो याचा अर्थ एवढाच, की चालींची एक तरी वाट अशी आहे जिच्या शेवटी इनपुट संपतं आणि स्टॅक रिकामा होतो. तशी वाट तुझ्या मशीनमध्ये आहे. अडचण ही, की कागदावरचं मशीन योग्य वाट निवडतं असं आपण धरून चालतो आणि प्रोग्रामला ती वाट शोधावी लागते. शोधताना तू सर्वात आधी `E -> E+T` घेतोस, ती चाल इनपुट खात नाही, तिच्यानंतर माथ्यावर पुन्हा `E` असतो आणि परत तोच नियम लागू पडतो.

समजा तू एकेक वाट खोलवर न जाता सगळ्या वाटा बरोबरीने पुढे नेल्यास, तरी अर्धंच काम होईल. `i+i*i` कधी ना कधी स्वीकारला जाईल, पण `i+` सारख्या अर्धवट शब्दावर प्रोग्राम 'नाही' असं कधीच म्हणणार नाही, कारण इनपुट न खाता वाढणाऱ्या वाटा संपतच नाहीत.

आता ग्रायबाख फॉर्म पाहू. प्रत्येक नियम `A -> aα` असा, म्हणजे आधी एक टर्मिनल आणि मग शून्य किंवा जास्त व्हेरिएबल. त्यावरून पीडीए बनवताना व्हेरिएबल पसरवणं आणि टर्मिनल जुळवणं या दोन चाली राहत नाहीत. माथ्यावर `A` आहे आणि पुढचं अक्षर `a` आहे, तर `a` खा, `A` काढ आणि `α` ठेव. एवढी एकच प्रकारची चाल. स्टेटही एकच पुरते. इनपुट न खाता करायची चाल मशीनमध्ये उरतच नाही. त्यामुळे `n` अक्षरांचा शब्द स्वीकारला जायचा तर बरोबर `n` चालींत, आणि कुठलीही वाट `n` चालींपेक्षा लांब जाऊच शकत नाही.

---

वैशाली_ग

तुझंच ग्रामर बदलून दाखवते. खालून वर जायचं. `F` चे दोन्ही नियम टर्मिनलनेच सुरू होतात, फक्त `(E)` मधला शेवटचा कंस व्हेरिएबलमागे लपवायचा, त्याला `R` म्हणू. मग `T -> T*F | F` मधलं डावं रिकर्शन काढायचं. `T` म्हणजे शेवटी काय, तर एक `F` आणि त्याच्या मागे `*F` ची शून्य किंवा जास्त शेपटं. त्या शेपटांसाठी नवा व्हेरिएबल `Y`. तसंच `E` मध्ये `+T` च्या शेपटांसाठी `X`.

```
F -> (ER | i
T -> (ER | i | (ERY | iY
E -> (ER | i | (ERY | iY | (ERX | iX | (ERYX | iYX
X -> +T | +TX
Y -> *F | *FY
R -> )
```

6 नियमांचे 19 झाले. आता `i+i*i` चालवून बघ. स्टॅकचा माथा डावीकडे लिहिलाय.

```
वाचलं   नियम        स्टॅक
-       -           E
i       E -> iX     X
+       X -> +T     T
i       T -> iY     Y
*       Y -> *F     F
i       F -> i      रिकामा
```

5 अक्षरं, 5 चाली. जुन्या मशीनला याच शब्दासाठी, अगदी योग्य वाट सापडली तरी, नियम लावायच्या 8 आणि जुळवायच्या 5 अशा 13 चाली लागतात.

---

पार्सरप्रेमी

मॅडमनी छान सांगितलं. थोडक्यात, ग्रायबाखमध्ये आणलं की ग्रामर एलएल(1) होतं. पुढचं अक्षर बघायचं आणि नियम निवडायचा. बॅकट्रॅकिंगची गरजच नाही, साधा तक्ता करून टाक.

---

वैशाली_ग

यातलं निम्मं बरोबर आहे. पुढचं अक्षर बघून बरेच नियम बाद होतात हे खरं. पण वरच्या `E` कडे बघा. पुढचं अक्षर `i` असेल तर चार नियम लागू पडतात: `i`, `iX`, `iY`, `iYX`. त्यातला कुठला घ्यायचा ते एक अक्षर आणखी पुढे डोकावलं तर पुष्कळदा कळतं. `(` आलं तर मात्र पुन्हा चार पर्याय, आणि तिथे पुढची दोन-चार अक्षरं पाहूनही कळत नाही. या कंसाच्या जोडीदारानंतर `*` आहे, `+` आहे की काहीच नाही, ते तो कंस बंद होईपर्यंत समजायचं नाही. मशीनने ते आधीच ठरवून `Y` आणि `X` स्टॅकवर ठेवायचे असतात. म्हणजे हा पीडीए अनिश्चितच राहतो.

एलएल(1) हवं असेल तर शेपूट रिकामं असू शकतं असा नियम ठेवायला लागतो, `X -> +TX | ε` असा. मग पर्याय आपोआप एकत्र होतात. पण तो फॉर्म ग्रायबाख नाही, कारण रिकाम्या उजव्या बाजूला तिथे जागा नाही. ज्या भाषेत रिकामा शब्द आहे तिच्यासाठीसुद्धा सुरुवातीच्या चिन्हाचा एक वेगळा नियम जोडायला लागतो.

---

जुना_गणिती

वैशालीताईंच्या मुद्द्याला जोड देतो. निश्चितता आणि 'प्रत्येक चालीला एक अक्षर' या दोन अटी नेहमी एकत्र पाळता येत नाहीत. याचं नेहमीचं उदाहरण:

```
0^i 1^j a 2^j   किंवा   0^i 1^j b 2^i
```

निश्चित पीडीए सगळे `0` आणि `1` स्टॅकवर रचतो. `a` आला तर `1` बरोबर `2` जुळवतो. `b` आला तर आधी सगळे `1` उपसून फेकतो आणि मग `0` जुळवतो. ते उपसताना इनपुट वाचलं जात नाही. हे उपसणं टाळून कुठलाही निश्चित पीडीए ही भाषा ओळखू शकत नाही. ग्रायबाख फॉर्ममधून आलेला पीडीए ते टाळतो, पण कसं? पहिल्या अक्षरालाच `a` येणार की `b` याचा अंदाज बांधतो. `b` चा अंदाज असेल तर `1` रचतच नाही, नुसते वाचून सोडतो.

शीला ग्रायबाख यांचा 1965 चा सिद्धांत स्टॅकच्या भाषेत सांगायचा तर असा: कुठलीही कॉन्टेक्स्ट-फ्री भाषा इनपुट न खाणाऱ्या चालींशिवाय ओळखता येते, फक्त अंदाज बांधायची मुभा हवी. सिद्धांतात या फॉर्मचा खरा उपयोग तिथे आहे.

---

रत्नागिरीकर

मी थोडा गोंधळलोय. आमच्या ऑफिसात पगाराच्या सूत्रांसाठी एक छोटी भाषा आहे आणि तिचा पार्सर बायसनमध्ये लिहिलाय. तिथे मला सगळ्यांनी उलटं सांगितलं होतं, की याद्या लिहिताना डावं रिकर्शनच वापरा, उजवं वापरलं तर स्टॅक वाढतो. इथे डावं रिकर्शन म्हणजे शत्रू. नक्की काय खरं? आणि दुसरं, आमच्याकडे वजाबाकी आहे. `10-3-2` चं उत्तर 5 च यायला हवं. ग्रायबाखमध्ये आणलं तर ते 9 होणार नाही ना?

---

वैशाली_ग

दोन्ही खरं, कारण दोन स्टॅकमध्ये वेगळ्या गोष्टी असतात. बायसन खालून वर जातो. त्याच्या स्टॅकवर आत्तापर्यंत काय वाचलं ते असतं. `E -> E-T` असेल तर प्रत्येक `T` पूर्ण झाला की आधीच्या `E` त मिसळून जातो आणि स्टॅक आखूड राहतो. उजव्या रिकर्शनमध्ये यादी संपेपर्यंत सगळे तुकडे स्टॅकवर थांबून राहतात. आपण इथे बोलतोय तो पीडीए वरून खाली जातो. त्याच्या स्टॅकवर अजून काय यायचं बाकी आहे ते असतं. डाव्या रिकर्शनमध्ये 'बाकी' किती हे शब्द सुरू व्हायच्या आधीच ठरवावं लागतं, म्हणून तो अडकतो. तुमचा पार्सर आहे तसाच ठेवा, त्याला ग्रायबाखची काही गरज नाही.

वजाबाकीची शंका मात्र रास्त आहे. या रूपांतरात शब्द तेच राहतात, झाड बदलतं. जुन्या ग्रामरमध्ये `i-i-i` चं झाड डावीकडे झुकतं, पहिली वजाबाकी खोल असते आणि आधी होते. नव्यात `X -> -TX` असल्यामुळे ते उजवीकडे झुकतं. त्या झाडावरून आंधळेपणाने किंमत काढली तर 10 मधून 3-2 वजा होऊन 9 येईल. 5 हवे असतील तर आत्तापर्यंतची बेरीज-वजाबाकी `X` कडे सोपवत जायची: `X` ला 10 मिळाले, त्याने 3 वजा करून पुढच्या `X` ला 7 दिले, त्याने 2 वजा केले. शब्द भाषेत आहे की नाही एवढंच विचारायचं असेल, जसं या असाइनमेंटमध्ये आहे, तर हा प्रश्न उद्भवत नाही.

---

तिसरा_बाक

चाललं! `i+i*i` स्वीकारला आणि `i+` नाकारला, दोन्ही लगेच. एक मात्र झालं. दुसरं ग्रामर दिलं होतं कंसांच्या जोड्यांचं, `S -> SS | (S) | ()`. त्यातलं डावं रिकर्शन काढून हे आलं:

```
S -> (SR | (R | (SRZ | (RZ
Z -> S | SZ
R -> )
```

`Z` चे नियम टर्मिनलने सुरू होत नाहीत. पायरी कुठली राहिली?

---

वैशाली_ग

शेवटची. `E` आणि `T` च्या वेळी शेपटं `+` आणि `*` ने सुरू होत होती, म्हणून तिची गरज पडली नाही आणि ती लक्षातही आली नाही. इथे शेपूट स्वतःच `S` आहे. म्हणून जुन्या व्हेरिएबलचे नियम टर्मिनलने सुरू झाल्यावर नव्या व्हेरिएबलकडे परत यायचं आणि पहिल्या `S` च्या जागी त्याचे चारही नियम घालायचे. `Z -> S` मधून चार आणि `Z -> SZ` मधून चार असे आठ येतील, त्यातले दोन दुहेरी आहेत:

```
Z -> (SR | (R | (SRZ | (RZ | (SRZZ | (RZZ
```

तपासायची सोपी खूण: सगळ्या नियमांचं पहिलं चिन्ह छाप. त्यात एकही मोठं अक्षर दिसलं तर काम बाकी आहे.

आडून येणारं रिकर्शनही बघून घे. `S -> Aa | b` आणि `A -> Sc | d` यात कुठलाच नियम स्वतःच्याच नावाने सुरू होत नाही, पण `S` वरून `Aa` आणि त्यावरून `Sca` येतं. म्हणून व्हेरिएबलना क्रम द्यायचा आणि नंतरच्याच्या नियमात आधीचा पुढे आला तर त्याचे नियम घालून टाकायचे. इथे `A -> Aac | bc | d` होतं आणि लपलेलं रिकर्शन उघड्यावर येतं. मग ते नेहमीसारखं काढायचं.

---

जुना_गणिती

हे 'घालून टाकायचे' फार महाग पडू शकतं, ते लक्षात असू द्या. असं ग्रामर घ्या: `A1 -> A2 P | A2 Q`, `A2 -> A3 P | A3 Q`, असं करत `A10 -> a | b`, आणि `P -> a`, `Q -> b`. `A1` ते `A10` यांचे मिळून नियम 20. खालून वर घालत गेलात तर दर पायरीला दुप्पट, आणि `A1` चे 1024 नियम होतात. रिकर्शनचा इथे पत्ताही नाही. भाषा म्हणाल तर `a` आणि `b` चे 10 अक्षरी शब्द, बस.

यावर उपाय आहे. 1967 मध्ये रोझेनक्रांट्झ यांनी सगळे नियम एकत्र मॅट्रिक्सच्या समीकरणासारखे सोडवायची पद्धत दिली. तिच्यामागचा विचार स्टॅकवाल्यांना पटेल असा आहे. `A` पसरवत डाव्या कडेने खाली जाण्याऐवजी, कडेच्या तळाशी जे पहिलं टर्मिनल आहे तिथून सुरुवात करायची आणि वर चढायचं. त्यासाठी दोन-दोन नावांचे व्हेरिएबल करायचे: `[A,B]` म्हणजे 'मला `A` हवा होता, डाव्या कडेवरचा `B` वाचून झाला, आता `A` पूर्ण व्हायला उरलेलं'. `C -> Bβ` असा नियम असेल तर `[A,B]` वरून `β[A,C]`. चढत चढत `[A,A]` ला पोचलं की संपलं. `β` व्हेरिएबलने सुरू होत असेल तर त्या एका जागी पुन्हा घालावं लागतं, पण साखळी तयार होत नाही. वरच्या 10 च्या उदाहरणात 1024 ऐवजी फक्त कडेवरची एकेक पायरी मोजली जाते. ब्लूम आणि कोख यांनी 1999 मध्ये दाखवलं की रिकामे नियम नसलेल्या कुठल्याही ग्रामरचा ग्रायबाख फॉर्म मूळ आकाराच्या चौथ्या घाताच्या मर्यादेत बसवता येतो, आणि `A -> B` असे एकेरी नियमही नसतील तर तिसऱ्या.

---

पार्सरप्रेमी

माझा एक मूलभूत आक्षेप आहे. मूळ ग्रामरमध्ये रिकामे नियम नव्हतेच. म्हणजे स्टॅकवरचं प्रत्येक चिन्ह किमान एक अक्षर खाणारच. मग स्टॅकची उंची उरलेल्या इनपुटपेक्षा जास्त झाली की वाट तिथेच छाटायची. `E+T+T+T` पाच अक्षरांच्या शब्दावर 7 चिन्हांचा झाला, बाद. दोन ओळींचा बदल आणि रूपांतराची सगळी यातायात वाचली. मग ग्रायबाख कशासाठी?

---

वैशाली_ग

हा आक्षेप मला मान्य आहे. तेवढ्याने तुझा पहिला प्रोग्राम थांबला असता, तिसरा_बाक. एक अट आहे: `A -> B`, `B -> A` असं एकेरी नियमांचं चक्र नसावं, कारण त्यात स्टॅक वाढत नाही आणि छाटणी लागूच पडत नाही. या ग्रामरमध्ये तसं चक्र नाही.

तीच छाटणी ग्रायबाखवाल्या मशीनलाही लाव, तिथे ती फार नेमकी बसते. `(i` हा शब्द घे. पहिला `(` वाचल्यावर कमीत कमी `ER` स्टॅकवर येतात, म्हणजे दोन चिन्हं, आणि उरलंय एकच अक्षर. चारही वाटा पहिल्याच चालीत संपतात. `((i))` वर दुसऱ्या कंसानंतर एकच वाट जिवंत राहते. पण `((i))+i*i` सारखं मागे लांब शेपूट असेल तर छाटणी ढिली पडते आणि कंसापाशी चार-चार पर्याय उघडे राहतात.

तरीही मी ग्रायबाखच्या बाजूने आहे. छाटणीला इनपुटची लांबी आधी माहीत असावी लागते, आणि पीडीएला ती माहीत नसते. छाटणी करणारा तुमचा प्रोग्राम आहे, मशीन नाही. ग्रायबाखमध्ये थांबण्याची हमी मशीनच्या रचनेतच आहे.

---

पार्सरप्रेमी

मशीनच्या दृष्टीने मान्य. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या दृष्टीने मला अजूनही 6 नियम आणि छाटणी हेच बरं वाटतं. 19 नियमांत चूक कुठे झाली ते डोळ्यांनी दिसत नाही.

---

तिसरा_बाक

दोन्ही प्रकारे करून ठेवतो. एक शेवटचं: `F -> (ER` ऐवजी `F -> (E)` असंच ठेवलं तर ओरलला एक्स्टर्नल चालवून घेतील का? टर्मिनलने सुरुवात तर होतेच आहे.

---

मुक्ता_आर

आमच्या वेळी चालायचं. पहिलं चिन्ह टर्मिनल असलं की पुरे, असंच शिकवलं होतं.

---

वैशाली_ग

मी विद्यार्थ्यांना `R` लिहायला लावते. `)` स्टॅकवर टर्मिनल म्हणून राहिला तर ते जुळवून काढायची वेगळी चाल मशीनमध्ये परत येते. ती चालही एक अक्षर खाते, त्यामुळे `n` अक्षरांना `n` चाली हा हिशेब बिघडत नाही, पण 'एकच प्रकारची चाल' असं म्हणता येत नाही. एक्स्टर्नल कुठली व्याख्या धरतील ते तुमच्या सिलॅबसच्या पुस्तकात बघ.

---

जुना_गणिती

`R` लावलास तर आणखी एक करून बघ. प्रत्येक नियमात टर्मिनलनंतर जास्तीत जास्त दोनच व्हेरिएबल राहतील असं ग्रामर करता येतं. तुझ्या `(ERYX` मध्ये चार आहेत. दोनवर आणलंस तर प्रत्येक चालीत स्टॅक फार तर एकने वाढतो. `E` साठी ते कर आणि इथे टाक, नवे व्हेरिएबल किती लागतात ते पाहू.